आठवडाभर थांबलं की पैसे वाढतात?

पस्तीस दिवसांचा लॉट तयार आहे, व्यापारी दारात उभा आहे, आणि शेतकरी म्हणतो, "भाव पडलाय. आठवडाभर थांबू, तेवढ्यात वजन तरी वाढेल." ब्रॉयलर पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सतत असतं, आणि ज्याच्यामुळे त्यांचे हक्काचे पैसे जातात असा याहून मोठा गैरसमज मला माहीत नाही. वजन वाढतं, हे खरं आहे. पण त्या वाढीला किती खर्च येतो, हे फार थोडे जण मोजतात.

एफसीआर म्हणजे एक किलो वजन तयार व्हायला किती किलो खाद्य लागलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढे. सगळे जण पहिल्या दिवसापासूनची सरासरी बघतात. लॉटचा एफसीआर १.५५ आला की समाधान वाटतं, आणि पुढचं वजनही त्याच दराने वाढेल असं गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू खाल्लेल्यातलं बरंच अंगी लावतं. पुढे शरीर मोठं होतं, तसा खाद्यातला वाढता हिस्सा ते शरीर नुसतं चालू ठेवण्यात खर्च होतो. शिवाय वय वाढलं की पक्षी चरबी धरू लागतो. मांसात पाऊण हिस्सा पाणी असतं, चरबीत पाणी फारच थोडं. म्हणून एक ग्रॅम चरबी बनवायला एक ग्रॅम मांसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. सरासरी हे सगळं झाकून ठेवते, कारण तिच्यात सुरुवातीचे स्वस्त आठवडे मिसळलेले असतात.

पाचशे पक्ष्यांचा एक नमुन्याचा हिशेब मांडू. पस्तिसाव्या दिवशी सरासरी वजन दोन किलो आहे आणि प्रत्येक पक्ष्याने ३.१ किलो खाद्य खाल्लं आहे. एफसीआर १.५५. आता आठवडाभर थांबलो. या वयात पक्षी दिवसाला साधारण १८५ ग्रॅम खातो, म्हणजे आठवड्याला १.३ किलो. बेचाळिसाव्या दिवशी वजन २.५५ किलो भरलं. एकूण सरासरी १.७३ दिसते, ती फार वाईट वाटत नाही. पण फक्त या आठवड्यापुरतं बघा. ५५० ग्रॅम वजनासाठी १,३०० ग्रॅम खाद्य लागलं. या आठवड्याचा एफसीआर २.३६ आहे.

आता पैसे. खाद्य चाळीस रुपये किलो आणि जिवंत पक्षी शंभर रुपये किलो धरू. आठवड्यात तेरा गोणी, म्हणजे ६५० किलो खाद्य गेलं. त्याचे २६,००० रुपये झाले. पाचशेतले पाच पक्षी मेले, ही काही मोठी मरतूक नव्हे. उरलेल्या ४९५ पक्ष्यांचे १,२६,२२५ रुपये आले. पस्तिसाव्या दिवशी विकले असते तर एक लाख आले असते. फरक २६,२२५ रुपयांचा, त्यातून खाद्याचे २६,००० वजा करा. आठवडाभराच्या राबण्याचे हातात सव्वादोनशे रुपये राहिले. यातून वीज, औषध, मजुरी अजून काढायची आहे. मेलेल्या पक्ष्यांनी थोडं कमी खाल्लं असेल, त्याचे शे-दीडशे हवं तर मिळवा. पुढच्या लॉटचे सात दिवस मात्र गेलेच.

यातून एक सोपी कसोटी मिळते. जिवंत पक्ष्याच्या भावाला खाद्याच्या भावाने भागा. शंभर भागिले चाळीस म्हणजे २.५. गेल्या आठवड्याचा एफसीआर या आकड्याच्या जवळ आला की थांबण्यात अर्थ नाही, कारण पुढचा आठवडा त्याहून महागच जाणार. मरतुकीसाठी थोडी जागा सोडावी लागते. भाव ऐंशीवर आला तर तोच आकडा दोनवर येतो. म्हणजे भाव पडला की पक्षी उलट लवकर काढायला हवा. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं, आणि हेच मला सहन होत नाही. ऐंशीच्या भावात वरचाच लॉट आठवडाभर ठेवला आणि भाव हलला नाही, तर सुमारे पाच हजारांचा तोटा होतो. दहा रुपयांनी चढला तर साडेसात हजार मिळतात. पण ती कमाई भाव चढण्याची, वजनाची नव्हे. श्रावण संपून मागणी वाढणार असेल तर अंदाज बांधून जरूर थांबा. फक्त आपण भावावर पैज लावतो आहोत, हे मनाशी स्पष्ट असू द्या.

या कसोटीला दर आठवड्याचं खरं वजन लागतं. हाताला आला तो पक्षी धरला तर वजन चुकतं. शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाळीने पक्षी अडवा आणि अडकलेले सगळे तोला, लहानसुद्धा. वेळ दर वेळी सकाळची, खाद्य टाकण्याआधीची. रिकाम्या गोण्या मोजून ठेवा. भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर नसतील, तर खाद्य तुसात सांडतं आणि एफसीआर बिघडल्याचा दोष पिल्लांना मिळतो.

मग योग्य वय कोणतं? महाराष्ट्रातल्या छोट्या शेडमध्ये साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यातलं अलीकडचं टोक धरा. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. जड पक्षी उकाड्यात खाणं सोडतो आणि दुपारी पटापट मरतो. माद्या लवकर चरबी धरतात, म्हणून मिश्र लॉटमधून शक्य असेल तर त्या आधी काढाव्यात. स्वतःचं मटण-चिकनचं दुकान असेल तर हिशेब बदलतो, कारण तेव्हा भाव कापलेल्या मांसाचा धरायचा आणि काही दिवस जास्त थांबणं परवडू शकतं. कंपनीच्या करारावर पाळणाऱ्याच्या हातात हा निर्णय नसतोच. तिथे पक्षी कधी उचलायचा, हे कंपनी ठरवते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "विकायच्या आदल्या रात्री भरपूर खाऊ घाला." त्या खाद्याचं मांस होत नाही, आणि कापताना भरलेली पोटली फुटून मांस खराब होतं. कापण्याआधी आठ ते बारा तास खाद्य बंद आणि पक्षी पकडेपर्यंत पाणी चालू, ही रीत आहे. "तीन महिने ठेवला की ब्रॉयलरची चव गावरान होते." त्याआधीच बरेच पक्षी पायांनी अधू होतात किंवा हृदय बंद पडून मरतात.

"हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून चाळीस दिवसांत वाढतात." वाढीचं हार्मोन प्रथिन असतं. ते खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. टोचायचं तर हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, आणि त्याचा खर्च कोंबडीच्या किमतीत कधीच निघणार नाही. वाढ निवड-पैदाशीतून आली आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांना एकच खाद्य देऊन सोबत वाढवलं. छप्पन दिवसांनी त्यांची वजनं अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. हा अभ्यास 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात २०१४ मध्ये छापून आला आहे. काळजी करायचीच तर अँटिबायोटिक्सची करा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने त्याच वर्षी तपासलेल्या सत्तर नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांत त्यांचे अंश सापडले होते, आणि कोलिस्टिनवर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. औषध दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत पक्षी विकू नका. थांबण्याचं हे एक कारण असं आहे, ज्याला वरचा हिशेब लागू होत नाही.