भाडं पंचवीस हजार, बिल किती?

पुण्यात दोन खोल्यांचं घर, भाडं महिना २५,००० रुपये. भाडेकरू अ‍ॅप उघडतो, घरमालकाचा खाते क्रमांक आणि पॅन भरतो, भाडेकरार चढवतो आणि क्रेडिट कार्डावर टिचकी मारतो. पडद्यावर रक्कम दिसते २५,२९५ रुपये. वरचे २९५ रुपये म्हणजे अ‍ॅपचं 'सुविधा शुल्क'. एवढ्यात दीड महिना पैसे वापरायला मिळतात आणि वर पॉइंटही, असा हिशेब करून माणूस समाधानाने ओटीपी टाकतो. पण हा हिशेब अर्धाच आहे. उरलेला अर्धा कार्डाच्या मासिक बिलात येतो, आणि तो अ‍ॅपच्या पडद्यावर सहसा दिसत नाही.

आधी ते २९५ रुपये उलगडू. आपल्या उदाहरणातलं अ‍ॅप भाड्यावर एक टक्का घेतं, म्हणजे २५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा जीएसटी भाड्यावरचा नाही. राहण्यासाठी घेतलेल्या घराचं भाडं नोकरदार भाडेकरूसाठी जीएसटीतून मुक्त आहे. कर लागतो तो पैसे पोचवण्याच्या सेवेच्या मोबदल्यावर. म्हणून शुल्क कमी तर करही कमी. सगळी अ‍ॅप एकच दर लावत नाहीत. एकाच अ‍ॅपवर कार्डाच्या प्रकारानुसारही दर बदललेला दिसतो. जाहिरातीत 'फक्त एक टक्का' लिहिलं असेल तर तो आकडा कर धरून आहे की कर सोडून, हे शेवटच्या पडद्यावर पाहावं.

आता बँकेची पाळी. सुरुवातीची काही वर्षं बँका भाड्यासाठी वेगळं काही घेत नव्हत्या, आणि त्याचा लोकांनी यथेच्छ फायदा घेतला. पत्नीच्या किंवा मित्राच्या खात्यात 'भाडं' पाठवायचं, पैसे परत घ्यायचे, पॉइंट जमा करायचे. थोडक्यात, कार्डावरून रोख काढायची, पण रोखीचं व्याज न भरता. बँकांनी हे ओळखलं. आयसीआयसीआय बँकेने २० ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लावलं. एसबीआय कार्डने त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक व्यवहारामागे ९९ रुपये घ्यायला सुरुवात केली आणि मार्च २०२३ मध्ये ते १९९ केले. बाकीच्या मोठ्या बँकाही त्याच वाटेने गेल्या.

आपल्या भाडेकरूची बँक एक टक्का घेते असं धरू. ती हा टक्का कार्डावरून गेलेल्या पूर्ण रकमेवर, म्हणजे २५,२९५ वर मोजते. अ‍ॅपच्या शुल्कावर आणि त्याच्या जीएसटीवरही बँकेचं शुल्क लागतं! ते झालं २५२ रुपये ९५ पैसे. त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ४५ रुपये ५३ पैसे. बिलात या दोन वेगळ्या ओळी असतात. दोन्ही बाजूंची बेरीज ५९३ रुपये ४८ पैसे, म्हणजे भाड्याच्या सुमारे २.३७ टक्के. वर्षभर हेच केलं तर सात हजारांच्या वर.

हा व्यवहार भाड्याचा आहे हे बँकेला कळतं कसं? कार्डाचं प्रत्येक बिल ज्याच्याकडे जातं त्याच्या धंद्याचा एक चार अंकी सांकेतिक क्रमांक असतो. भाड्याचा ६५१३. तो दिसला की शुल्क आपोआप लागतं. काही जण यावर उपाय म्हणून अ‍ॅपमध्ये भाड्याऐवजी 'देखभाल खर्च' किंवा 'शिकवणी फी' निवडतात. ही शक्कल फार काळ टिकत नाही. दर महिन्याला तेवढीच गोल रक्कम त्याच ठिकाणी जाताना दिसली की बँक चौकशी करू शकते, दिलेले पॉइंट परत घेऊ शकते. कार्ड बंद करण्याचा हक्कही ती नियमांत राखून ठेवते.

आणि पॉइंट? बहुतेकांचा सगळा मोह इथेच असतो. एचडीएफसी बँकेने १ जानेवारी २०२३ पासून भाड्यावर पॉइंट देणं बंद केलं. एसबीआय कार्डच्या अनेक कार्डांवर एप्रिल २०२४ पासून तेच झालं. आता बहुतेक कार्डांच्या नियमांत भाडं 'वगळलेल्या खर्चां'च्या यादीत सापडतं. पण समजा, एखाद्या कार्डावर अजून पॉइंट मिळतात. दर शंभर रुपयांना दोन पॉइंट, एका पॉइंटची किंमत २५ पैसे. २५,२९५ वर पॉइंट होतील ५०४, किंमत १२६ रुपये. हेच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी एक रुपया दराने वापरता आले तरी ५०४ रुपये. खर्च ५९३. म्हणजे पॉइंट मिळूनही तोटाच.

बिनव्याजी मुदतीचं काय? ४५ दिवस २५,००० रुपये बचत खात्यात राहिले तर अडीच टक्के व्याजाने मिळतात साधारण ७७ रुपये. त्यासाठी जवळपास सहाशे मोजणं हा सौदा मला तरी पटत नाही.

तरीही कार्डाने भाडं देणं शहाणपणाचं ठरेल अशा एकदोन वेळा आहेत. पहिली, पगार लांबला आणि घरमालक थांबायला तयार नाही. ४५ दिवसांसाठी २.३७ टक्के म्हणजे वार्षिक साधारण १९ टक्के पडतात. महाग आहे, पण कार्डावरून रोख काढण्यापेक्षा बरं, कारण रोखीवर शुल्कही लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याजही. मात्र देय तारखेला बिल पूर्ण भरता आलं तरच. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली तर बिनव्याजी मुदत जाते, महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं आणि त्या व्याजावरही जीएसटी बसतो.

दुसरी वेळ, वर्षाकाठी ठरावीक खर्च केला की वार्षिक शुल्क माफ होतं आणि वर्ष संपताना थोडी रक्कम कमी पडते. समजा १,५०० रुपयांचं शुल्क वाचणार असेल तर एका महिन्याचं भाडं कार्डाने देणं परवडतं. पण त्याआधी नियम वाचायला हवेत. बऱ्याच बँका भाडं या उद्दिष्टातही मोजत नाहीत.

अर्थात, आता हवं ते अ‍ॅप मिळेलच असं नाही. १५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने पैसे गोळा करून पुढे पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी नवे नियम काढले. ज्याच्याशी करार आहे आणि ज्याची केवायसी पूर्ण केली आहे, अशाच व्यापाऱ्याच्या खात्यात या कंपन्यांनी पैसे टाकायचे. आपला घरमालक काही व्यापारी म्हणून नोंदलेला नसतो. त्यामुळे फोनपे, पेटीएम, क्रेड यांसारख्या मोठ्या अ‍ॅपनी कार्डाने भाडं भरण्याची सोय थांबवली. ज्या सेवा सुरू आहेत त्या घरमालकाची कागदपत्रं मागतील, आणि अनेक घरमालक तिथेच नकार देतात.

कार्डाने भाडं भरलंच, तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पावती २५,००० चीच घ्यावी. वरचे ५९३ रुपये हे भाडं नव्हे, ते प्राप्तिकरात दाखवता येत नाहीत. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. भाडं महिना पन्नास हजारांच्या वर असेल तर दोन टक्के टीडीएस कापण्याची जबाबदारी भाडेकरूचीच राहते. म्हणून कार्डावर पूर्ण भाडं टाकण्याआधी ती रक्कम वजा करून घ्यावी, नाहीतर नंतर घरमालकाकडून ती परत मागत बसावं लागतं.