‘अकाउंटंट पाहिजे’ एवढ्याने भागत नाही

‘अर्धवेळ अकाउंटंट पाहिजे, पगार योग्यतेनुसार.’ ही पाटी वाचून कामाचा माणूस पुढे निघून जातो, कारण त्याला हवं ते तिच्यात काहीच नसतं.

समजा, हार्डवेअरचं दुकान आहे आणि महिन्याला विक्रीची दीडशे, खरेदीची चाळीस बिलं होतात. दरमहा जीएसटी भरणाऱ्याला विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत द्यावं लागतं. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं. ते खरेदीच्या बिलांशी ताडून २० तारखेपर्यंत कर भरायचा. एखाद्या पुरवठादाराने आपलं बिल दाखवलंच नसेल, तर ते इथेच कळतं. म्हणजे काम महिनाभर सारखं नसतं, पहिल्या वीस दिवसांतच दाटतं.

मग जाहिरात अशी लिहावी: ‘टॅली प्राइमवर नोंदी, बँक जुळवणी आणि जीएसटीची तयारी. महिन्याला २४ तास, त्यातले १८ तास २० तारखेच्या आत. मानधन ६,००० रुपये. विवरण आमचे सीए भरतील.’ तासाला अडीचशे पडतात, हा हिशेब उमेदवार वाचतानाच करतो. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. उशिराचा दंड कोणाच्या माथी, यावरून पुढे वाद होतात.