हे तुम्हाला कोणी सांगितलं?

ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जावं, असं मुहम्मद पैगंबर म्हणाले होते, हे आपल्याकडे भाषणांत हमखास ऐकू येतं. शाळेच्या संमेलनात ऐकू येतं, ग्रंथालयाच्या उद्घाटनात ऐकू येतं. वाक्य सुरेख आहे, कोणालाही पटावं असं आहे. अडचण एवढीच, की ज्यांनी आयुष्यभर पैगंबरांची वचनं पारखली त्या मुस्लिम पंडितांपैकी बहुतेकांना ते पैगंबरांचं म्हणून मान्य नाही.

त्यांचा आक्षेप वाक्याच्या अर्थावर नाही, ते सांगणाऱ्यावर आहे.

पैगंबर काय बोलले, कसे वागले, समोर घडलेल्या कोणत्या गोष्टीला त्यांनी मूक संमती दिली, याची नोंद म्हणजे हदीस. तिचे दोन भाग असतात. एक मजकूर, त्याला मतन म्हणतात. दुसरी सनद, म्हणजे हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी थेट पैगंबरांपर्यंत पोहोचणारी नावांची साखळी. साखळीतला प्रत्येक माणूस हा रावी. आपल्याला मजकुरात रस असतो, पण पंडितांची नजर आधी सनदेवर जाते. याला कारण आहे. पैगंबरांचं निधन 632 साली झालं. पुढच्या काही दशकांतच मुसलमानांमध्ये यादवी माजली आणि आपापल्या पक्षाच्या सोयीची वचनं पैगंबरांच्या तोंडी घालणारे निघाले. तेव्हापासून वचन सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

चीनच्या वाक्याची प्रसिद्ध साखळी अनस या सहाबींपर्यंत, म्हणजे पैगंबरांच्या सहवासातल्या माणसापर्यंत, जाते. अनस यांनी मदिनेत दहा वर्षं पैगंबरांची सेवा केली, त्यामुळे त्या टोकाबद्दल शंका नाही. पण अनस यांच्याकडून ते ऐकल्याचं सांगणारा रावी आहे अबू आतिका. त्याच्याबद्दल इमाम बुखारींचा शेरा कडक आहे: हा इतरांशी न जुळणाऱ्या, स्वीकारू नयेत अशा गोष्टी सांगतो. एक कडी अशी निघाली की साखळी गेली. म्हणून बऱ्याच जणांनी ही हदीस जईफ, म्हणजे कमकुवत ठरवली. बगदादच्या इब्न जौझींनी तर बाराव्या शतकात तिला थेट बनावट वचनांच्या, म्हणजे मौजू हदिसांच्या, संग्रहात टाकलं.

सहीह, म्हणजे खरी, ठरण्यासाठी हदिसेला बरंच काही सिद्ध करावं लागतं. प्रत्येक रावीने वरच्याकडून खरंच ऐकलेलं हवं, म्हणजे दोघांचा काळ जुळायला हवा. तो सचोटीचा हवा आणि त्याची आठवण किंवा वही पक्की हवी. शिवाय त्याच्याहून भरवशाच्या लोकांनी काही वेगळं सांगितलेलं नसावं, आणि वरून न दिसणारा दोषही नसावा. बाकी सगळं ठीक, पण आठवण थोडी उणी, तर हदीस हसन, म्हणजे चांगली. तिच्या खाली जईफ.

यातली सगळ्यात नाजूक पारख आठवणीची. इजिप्तचे काझी इब्न लहिआ यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. आठव्या शतकातले हे नामांकित विद्वान. त्यांच्या वह्या आगीत जळाल्या असं सांगतात, आणि त्यानंतर ते आठवणीवर विसंबून सांगू लागले, चुकू लागले. मग त्यांच्याकडून आलेल्या हदिसांचं काय करायचं? अनेक पंडितांनी तोडगा काढला: कोणी, कधी ऐकलं ते पाहा. आधी ऐकून गेलेल्या शिष्यांचं घ्या, नंतरच्यांचं जपून घ्या. माणूस तोच, पण त्याची साक्ष साल पाहून तोलायची.

साक्षीदारांची संख्या मोजून हदीस सहीह ठरते, असं वाटत असेल तर इमाम बुखारींच्या ग्रंथाचं पहिलं पान उघडावं. बुखारी 810 साली जन्मले आणि 870 साली वारले. त्यांच्या ‘सहीह’ची पहिलीच हदीस हेतूबद्दलची आहे: कर्माचं मोल करणाऱ्याच्या हेतूवर ठरतं, असा तिचा आशय. तिच्या साखळीत बुखारींच्या वर सहा जण आहेत. त्यांना ती हुमैदींनी सांगितली, हुमैदींना सुफियान यांनी, त्यांना याह्या बिन सईद यांनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहीम यांनी, त्यांना अलकमा यांनी, आणि अलकमांनी ती खलिफा उमर यांच्या तोंडून ऐकली. उमर हे मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, भर सभेत बोलत होते. तरीही भरवशाची साखळी एका अलकमांचीच उरली. याह्यांपर्यंत प्रत्येक पिढीत एकच माणूस आहे, आणि याह्यांपासून पुढे मात्र ती असंख्य तोंडी झाली. तरी ती सहीह, कारण या एकेका माणसात खोट सापडली नाही.

आधुनिक इतिहासकारांना नेमकी हीच गाठ खुपते. जोझेफ शाख्त यांनी 1950 साली मांडलं की अनेक साखळ्या एका माणसापाशी येऊन मिळतात, तो माणूसच त्या वचनाचा खरा उगम असू शकतो, आणि त्याच्या वरची नावं मागाहून जोडलेली असू शकतात. परंपरेतल्या पंडितांना हे मान्य नाही. मला वाटतं, दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. पंडित विचारतात, हा माणूस खोटं बोलेल का? इतिहासकार विचारतो, याचा पुरावा सगळ्यात जुना कुठे सापडतो?

आता कुराण. श्रद्धावंतांच्या दृष्टीने ते ईश्वराचे शब्द आहेत, आणि ते एका साखळीने नव्हे तर प्रत्येक पिढीत जथ्याने पाठ होत आलं. हदीस बहुधा एकेका माणसाच्या साक्षीवर उभी असते. म्हणून तिचा दर्जा कुराणानंतरचा. तरी तिच्यावाचून चालत नाही. कुराण नमाज अदा करायला सांगतं, पण पहाटे दोन रकात आणि दुपारी चार हे हदिसेतून कळतं.

मृत्युपत्राचं पाहा. वारसांचे हिस्से ठरवताना कुराण म्हणतं की आधी मृताचं कर्ज आणि मृत्युपत्र पुरं करा. मृत्युपत्रात किती द्यावं, याची मर्यादा तिथे नाही. ती सअद बिन अबी वक्कास यांच्या हदिसेतून आली. मक्केत ते आजारी पडले, पैगंबर भेटायला गेले. तेव्हा त्यांची वारस म्हणजे एकच मुलगी. त्यांनी विचारलं, दोन तृतीयांश दान करू का? नको. निम्मं? नको. एक तृतीयांश? तेवढं चालेल, पण तेही पुष्कळच, असं उत्तर आलं. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं बरं. हा प्रसंग पुढे त्यांच्या आमिर या मुलाने सांगितला. म्हणजे सअद त्या दुखण्यातून उठले. वारसांची संमती नसेल तर मुसलमानाला एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, हा नियम भारतातली न्यायालयंही मानतात.

पण हदीस मानली म्हणून मतभेद संपत नाहीत. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, घाटावरचे बहुतेक हनफी. रत्नागिरीच्या एखाद्या मशिदीत दोघं शेजारी उभे राहिले, तर शाफई नमाजाच्या सुरुवातीला हात वर करतो, वाकण्याआधी करतो आणि वाकून उठताना पुन्हा करतो. हनफी फक्त सुरुवातीला. शाफईचा आधार बुखारींनी दिलेली इब्न उमर यांची हदीस. हनफीचा आधार इब्न मसऊद यांची, जिला तिर्मिझींनी हसन म्हटलं आणि इतर काहींनी जिच्यावर आक्षेप घेतला. दोघंही त्याच इमामामागे नमाज पुरी करतात.