वजन बारा किलो, रक्त किती?

थॅलेसेमियाच्या एका मुलाचं वजन 12 किलो, हिमोग्लोबिन 7. ते 10 पर्यंत न्यायचं आहे. डॉक्टरांचा हिशेब असा: वजन गुणिले हवी असलेली वाढ गुणिले 4, म्हणजे 12 × 3 × 4 = 144 मिलिलिटर लाल पेशी. हा आकडा अंदाजाचाच. पिशवीतलं रक्त किती घट्ट आहे, यावर प्रत्यक्ष वाढ कमीजास्त होते.

पहिली 15 मिनिटं थेंब अगदी सावकाश सोडतात आणि परिचारिका शेजारीच थांबते. ताप, थंडी, पुरळ किंवा कंबरदुखी दिसली, तर रक्त लगेच बंद. सगळं ठीक असेल तर तासाला साधारण 36 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत पूर्ण. शीतपेटीबाहेर काढलेली पिशवी त्याहून जास्त वेळ चालवत नाहीत, कारण जंतू वाढण्याचा धोका असतो.

पण याच वजनाच्या मुलाचं हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने घसरत 4 वर आलं असेल, तर घाई घातक. त्याचं हृदय आधीच थकलेलं असतं. तिथे किलोमागे 5 मिलिलिटर, म्हणजे 60 मिलिलिटर, चार तासांत देतात आणि पुन्हा तपासतात. श्वास जलद झाला किंवा खोकला सुरू झाला, तर आईवडिलांनी तत्क्षणी हाक मारावी.