नवा आला, पगार फुटला

पगाराचा आकडा कुणाला सांगायचा नाही, असं बहुतेक नियुक्तीपत्रांत लिहिलेलं असतं. तो आकडा कँटीनमध्ये पोहोचायला फार तर महिना लागतो. नव्याने आलेला कुणीतरी गृहकर्जासाठी सॅलरी स्लिपची प्रिंट काढतो आणि ती प्रिंटरवरच राहते. नाहीतर जुन्या कंपनीतला ओळखीचा माणूस दोन्हीकडे बोलतो. मग सात वर्षं तेच काम करणाऱ्याला कळतं की शेजारच्या टेबलवर परवा बसलेल्याला आपल्या दीडपट मिळतात.

2021-22 मध्ये आयटीत हे घाऊक प्रमाणात झालं. बाहेरून येणाऱ्यांना भरघोस वाढ मिळत होती आणि आत राहिलेल्यांना नेहमीची वार्षिक वाढ. जानेवारी ते मार्च 2022 या तिमाहीत इन्फोसिसचा नोकरी सोडण्याचा दर 27.7 टक्के नोंदला गेला. माणसं सोडण्याची कारणं अनेक असतात. पण ‘पगार वाढवायचा तर कंपनी बदल’ हा हिशेब तेव्हा हिंजवडीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येत होता. हाच पेच लहान कारखान्यात जास्त बोचतो, कारण तिथे माणसं मोजकी असतात आणि कुणाचं काम किती हे सगळ्यांना दिसत असतं.

भोसरी एमआयडीसीतला एखादा मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर तीन. पहिला डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून 18,000 रुपयांवर लागला. दरवर्षी 8 टक्के वाढ मिळत सात वर्षांत तो साधारण 30,800 वर आला. दुसरा चार वर्षांच्या अनुभवाचा, एक नोकरी बदलून आलेला, 34,000 वर. तिसरा सर्वांत ज्येष्ठ, अकरा वर्षांचा, 38,000 वर. आता मालकांनी फाइव्ह-अॅक्सिस मशीन घेतलं आहे आणि ते चालवणारं शॉपमध्ये कुणी नाही. बाहेरून आठ वर्षांच्या अनुभवाचा माणूस मिळतोय. तो 46,000 मागतो.

मालकांना वाटतं, हा जास्त मागतोय. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. जुन्यांची वाढ मागच्या पगाराच्या टक्क्यावर ठरते, नव्याचा पगार बाजारावर. पहिला प्रोग्रॅमर 18,000 वर सुरू झाला म्हणून आजही त्या 18,000 ची शिक्षा भोगतोय. 8 टक्के वाईट नव्हते, पण सात वर्षांत तो ट्रेनीचा पूर्ण प्रोग्रॅमर झाला, हे त्या टक्क्यात कुठेच धरलेलं नाही. चौघांत धाकटा असलेला दुसरा त्याच्या पुढे आहे, त्याचंही कारण एवढंच की त्याने मधे एकदा नोकरी बदलली.

म्हणून ऑफर लेटर निघण्याआधी पहिलं काम तुलनेचं. आणि ही तुलना एकाच मापाने व्हायला हवी. निम्मी भांडणं इथेच जन्मतात, कारण नवा माणूस आपला सीटीसी सांगतो आणि जुना हातात पडणारी रक्कम. सीटीसीमध्ये मालकाने भरायचा पीएफ धरलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या 4.81 टक्के धरलेले असतात आणि कधी कधी मिळेल की नाही याची खात्री नसलेला इन्सेंटिव्हही असतो. या उदाहरणात सगळे आकडे सारख्याच मापाचे, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी वगळून महिन्याचे धरू.

दुसरं काम फरकाची फोड करण्याचं. समजा, साध्या थ्री-अॅक्सिसच्या सात-आठ वर्षांच्या प्रोग्रॅमरला परिसरात 40,000 मिळतात. मग नव्याच्या 46,000 पैकी 6,000 फाइव्ह-अॅक्सिसच्या कौशल्याचे झाले, बाकीचे 40,000 हा नुसता बाजारभाव. पहिला प्रोग्रॅमर बाजाराच्या 9,200 खाली आहे आणि त्यातल्या एकाही रुपयाचा फाइव्ह-अॅक्सिसशी संबंध नाही. ज्येष्ठ 38,000 वर, म्हणजे आपल्याहून कमी अनुभवाच्या भावाच्याही खाली. दुसऱ्याचे 34,000 चार वर्षांना ठीकच आहेत. एका ओळीत सांगायचं तर चूक दोघांच्या पगारात आहे, तिघांच्या नाही, आणि ती नवा येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

ही फोड महत्त्वाची का, याचं उत्तर ओडिशातल्या एका प्रयोगात सापडतं. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे मजुरांच्या लहान तुकड्या केल्या. काही तुकड्यांत सर्वांना सारखी रोजंदारी दिली, काहींत वेगवेगळी. स्वतःची रोजंदारी तेवढीच असूनही, सोबत्यांपेक्षा कमी मिळतंय हे कळल्यावर माणसांचं काम घटलं आणि हजेरीही घटली. 2018 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला खरा धडा पुढे आहे. जास्त मिळवणारा खरोखर जास्त माल काढतो हे जिथे उघड दिसत होतं, तिथे हा परिणाम जवळपास नाहीसा झाला. माणसाला फरक चालतो, फरकाचं कारण दिसलं पाहिजे.

अमेरिकेतही असंच काही हाती लागलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही कर्मचाऱ्यांना संशोधकांनी एवढंच सांगितलं, की सर्वांचे पगार एका संकेतस्थळावर पाहता येतात. ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या बरोबरीच्यांच्या मधल्या आकड्याखाली होता, ते नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधण्याची त्यांची इच्छा वाढली. वरच्यांना मात्र त्याचा काही विशेष आनंद झाला नाही. थोडक्यात, गुपित फुटलं की तोटाच जास्त, आणि ते फुटणार नाही अशी आशा धरणं हे काही धोरण नव्हे.

आता भोसरीतल्या मालकांचा हिशेब. पहिल्याला लगेच 36,000 आणि सहा महिन्यांनी 39,000, लेखी. ज्येष्ठाला 42,000. दुसऱ्याला एप्रिलची नेहमीची वाढ. दुसऱ्या टप्प्यानंतर महिन्याला 8,200 अधिक 4,000, म्हणजे 12,200 रुपये वाढतात, वर्षाचे 1,46,400. नव्याचे वर्षाचे 5,52,000. त्याला घेण्याचा खरा खर्च अशा रीतीने सात लाखांच्या घरात जातो. तो पेलत नसेल तर हे ऑफर देण्याआधी कळलेलं बरं.

इतके पैसे नसतील तर एक मधला मार्ग कंपन्या वापरतात. नव्याला 42,000 वर घ्यायचं आणि वरचे 48,000 एकरकमी जॉइनिंग बोनस म्हणून द्यायचे, वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. पहिल्या वर्षी त्याला तितकेच पडतात, पण कायमचा पगार चौघांच्या रांगेत राहतो. मात्र दुसऱ्या वर्षी मिळकत घटणार हे त्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तेराव्या महिन्यात तोच राजीनामा घेऊन उभा राहतो. पहिल्याचा आणि ज्येष्ठाचा प्रश्न तर यानेही सुटत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे ते 6,000 उघड करणं. फाइव्ह-अॅक्सिस भत्ता असं नाव द्यायचं, आणि मशीनवर स्वतंत्रपणे सेटिंग व प्रोग्रॅम करून ठरलेले जॉब पास करणाऱ्या कुणालाही तो लागू करायचा. पहिल्याला प्रशिक्षणाला पाठवायचं. मग नव्याचा जास्तीचा पगार हे कोडं उरत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट शॉपमध्ये सर्वांना माहीत असते. काही कंपन्या याऐवजी नव्याला ‘सीनियर’ ही पाटी लावून मोकळ्या होतात. काम तेच आणि पाटी वेगळी, हे शॉप फ्लोअरवर कुणालाच पटत नाही. उलट आता पैशासोबत मानही गेला असं ज्येष्ठाला वाटतं.

सगळ्यांत वाईट उत्तर मात्र पहिला प्रोग्रॅमर केबिनमध्ये गेल्यावर मिळतं.

“सर, माझ्या पगाराचं बघा ना. सात वर्षं झाली.”

“अरे, बजेट नाही यंदा.”

बजेट गेल्याच महिन्यात सापडलं होतं, हे दोघांनाही माहीत असतं. दोन महिन्यांनी तो राजीनामा ठेवतो, तेव्हा घाईघाईने 38,000 ची काउंटर ऑफर येते. तो थांबला तर बाकीचे दोघे एवढंच शिकतात की वाढीचा अर्ज म्हणजे राजीनामा. तो गेला तर त्याच्या जागी बाजारातून 40,000 चाच माणूस आणावा लागतो. कोणत्या फिक्स्चरवर जॉब थरथरतो, कोणत्या ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स नेहमी चुकीचा लिहिलेला असतो, हे त्याला शिकायला सहा महिने लागतात. मालकांनी वाचवलेले 5,200 असे गेले.

कायदा इथे मालकाच्या बाजूने बराच सैल आहे. खासगी कंपनीत दोन पुरुषांना एकाच कामाचे वेगवेगळे पगार दिले तर फक्त तेवढ्याने कायदा मोडत नाही. पण कमी मिळवणारी स्त्री आणि जास्त मिळवणारा पुरुष असेल तर गोष्ट बदलते. 1976 चा समान वेतन कायदा आणि आता त्याची जागा घेतलेली 2019 ची वेतन संहिता, दोन्ही एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करायला मनाई करतात. मागच्या सॅलरी स्लिपवर 25 टक्के चढवून ऑफर ठरवायची सवय म्हणूनच धोक्याची. आधीच्या मालकाने एखाद्या बाईला कमी दिलं असेल, तर तीच कमतरता टक्क्यांसकट नव्या कंपनीत येते.

सरकारी नोकरीत या दुखण्याला नियमच आहे. एकाच संवर्गातल्या कनिष्ठाचा पगार वेतननिश्चितीच्या नियमामुळे ज्येष्ठाच्या पुढे गेला, तर ज्येष्ठाचा पगार त्याच्या बरोबरीला आणता येतो. अट अशी, की तफावत थेट त्या नियमामुळे आलेली हवी. कनिष्ठाला स्थानिक पातळीवर आधी तात्पुरती बढती मिळाली म्हणून त्याचा पगार वाढला असेल तर ज्येष्ठाला हा हक्क मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला. म्हणजे सरकारही विचारतं ते हेच: फरक कशामुळे आहे?

खासगी नोकरीत हा प्रश्न कर्मचाऱ्यालाच विचारावा लागतो, आणि तो सहकाऱ्याच्या आकड्याने सुरू करू नये. ‘त्याला 46,000 मग मला का नाही’ म्हटलं की चर्चा गुपित कुणी फोडलं याकडे वळते. आपण आज करतो त्या कामांची यादी, बाजारातल्या दोन-तीन जाहिरातींतले आकडे आणि कोणतं कौशल्य आलं की किती वाढ, हा प्रश्न, इतकं घेऊन जावं. मिळालेलं आश्वासन त्याच दिवशी मेलवर कळवून ठेवावं. आणि जावं ते जानेवारीत. मार्च संपेपर्यंत बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या वाढीचे पैसे वाटून झालेले असतात.