नवव्या जागेवरचे दोन पेले

'तो परत येईल का?' टॅरोचे पत्ते वाचणाऱ्यासमोर हा प्रश्न वारंवार येतो. अनोळखी माणसाने विचारला तर व्यावसायिक उत्तर देऊन मोकळे होता येते. जिवाभावाच्या मैत्रिणीने विचारला आणि पत्ते वाईट पडले, तर पंचाईत होते. समोर बसून बोलायला जावे तर ती मध्येच रडू लागते, किंवा नेमके हवे तेवढेच ऐकते. म्हणून काही जणी अशा वेळी पत्र लिहितात. पत्र पुन्हा वाचता येते आणि वाचताना चेहरा सावरावा लागत नाही.

असे पत्र कसे लिहिले जाते, हे समजण्यासाठी एक नमुना घेऊ. दोघी पुण्यातल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. चार वर्षांचे नाते तुटून तीन महिने झालेले. दहा पत्त्यांची मांडणी, जिला 'केल्टिक क्रॉस' म्हणतात, ती टेबलावर पडली आहे आणि प्रश्न विचारणारीने तिचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. त्या फोटोत तिला एकच पत्ता दिसतो: 'टू ऑफ कप्स'. एक तरुण, एक तरुणी, समोरासमोर धरलेले दोन पेले. तिच्या लेखी निकाल लागला आहे.

पत्र लिहिणारीची अडचण इथून सुरू होते, कारण तो पत्ता नवव्या जागेवर पडला आहे.

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. २२ मोठे, उरलेले ५६ आपल्या रमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत विभागलेले. बदामाच्या जागी पेले, इस्पिकच्या जागी तलवारी, असे नाते लावले जाते. हा मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला डाव खेळण्याचा संच. त्यावरून भविष्य सांगण्याचे प्रस्थ वाढले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. आज बहुतेक टेबलांवर दिसणारी चित्रे मात्र १९०९ची, लंडनची. आर्थर एडवर्ड वेटने कल्पना दिली, रायडर कंपनीने छापली आणि चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ हिने. काम डोंगराएवढे आणि पैसे अगदी थोडे, अशी तक्रार तिने तेव्हा एका परिचिताला पत्रातून कळवली होती. त्याआधीच्या प्रचलित संचांत तीन तलवारींचा पत्ता म्हणजे नुसत्या तीन तलवारी. पामेलाने छोट्या पत्त्यांनाही प्रसंग दिले. तीन तलवारी तिने एका लाल हृदयात आरपार खुपसल्या आणि मागे पाऊस पाडला. प्रेमभंगाचे वाचन इतके जिव्हारी लागते त्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे. अर्थ कुणी सांगायच्या आतच डोळ्यांनी तो लावलेला असतो.

नमुन्यातल्या मांडणीत पहिल्या जागेवर, म्हणजे 'सध्याची स्थिती' या जागेवर, हाच पत्ता आहे. पत्राची सुरुवात त्याच्यापासूनच होते. 'तीन तलवारी बघून तू दचकलीस,' मैत्रीण लिहिते, 'पण ही पुढची बातमी नाही गं. हे झालेलंच आहे. तू तीन महिने जे सोसते आहेस, त्याचं ते चित्र आहे.' पहिल्या पत्त्याला भविष्य समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि ती आधी दूर केली की वाचणारी पुढचे ऐकायला तयार होते.

पहिल्या पत्त्यावर आडवा ठेवलेला दुसरा पत्ता म्हणजे अडथळा. तिथे 'सिक्स ऑफ कप्स' आहे: फुलांनी भरलेले पेले, एक मुलगा, एक मुलगी, जुन्या अंगणातला गोडवा. एरवी हा प्रेमळ पत्ता. पण अडथळ्याच्या जागी तो वेगळे बोलतो. मैत्रीण तो असा उलगडते: 'तुला अडवतंय ते त्याचं जाणं नाही, पहिल्या वर्षाची आठवण आहे. शेवटच्या वर्षाबद्दल तू मला काय काय सांगायचीस, ते तू स्वतःच विसरलीस.' पत्त्यावरून एवढे नेमके कळत नाही, हे उघड आहे. हे मैत्रीण म्हणून तिला ठाऊक आहे, आणि पत्ता हे बोलायला मिळालेले निमित्त. चांगला वाचक ही सरमिसळ लपवत नाही. पत्रात ती पुढे सरळ लिहिते की एवढा भाग माझा, पत्त्यांचा नाही.

आता नववी जागा. वेटने आपल्या पुस्तकात ही मांडणी दिली तेव्हा नवव्या जागेला त्याने 'आशा किंवा भीती' असे नाव दिले, आणि काय घडेल ते दहाव्या जागेकडे सोपवले. म्हणजे तिथे पडलेला पत्ता प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते दाखवतो. 'दोन पेले खरे आहेत,' पत्र म्हणते, 'पण ते तुझ्या मनात आहेत. त्याच्या मनात काय आहे, हे मी बघितलेलं नाही, आणि त्याला न विचारता बघणारही नाही.' दहाव्या जागेवर 'सिक्स ऑफ स्वोर्ड्स' आहे. नावाडी होडी हाकतो आहे, अंगाभोवती वस्त्र लपेटलेली एक बाई मूल घेऊन पाठमोरी बसली आहे, सहा तलवारी होडीतच उभ्या आहेत. अलीकडचे पाणी खळबळते, पलीकडचे संथ. मैत्रीण हा पत्ता गोड करून सांगत नाही. या मांडणीत परत येणे दिसत नाही, असे ती एका वाक्यात लिहिते आणि ते वाक्य पत्राच्या मध्यावर ठेवते, शेवटी नाही. शेवटी ठेवले असते तर तेवढेच कानात राहिले असते.

यावर ठरलेली प्रतिक्रिया येते: 'परत एकदा मांड ना.' कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा उजवी-डावी पाकळी पडून हो-नाही तरी होते; पत्त्यांत तेही नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा मांडायचा मोह जास्त. इथे साधे गणित उपयोगी पडते. ७८ पैकी १० पत्ते उघडले तर एखादा ठरावीक पत्ता त्यांत असण्याची शक्यता साधारण आठात एक. पाच वेळा मांडले तर तो एकदा तरी दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते. म्हणजे दोन पेले दिसेपर्यंत मांडत राहिले तर ते दिसणारच, आणि त्यासाठी प्रियकराला काहीच करावे लागत नाही. त्याच प्रश्नावर निदान महिनाभर पुन्हा पत्ते न काढण्याची शिस्त अनेक रीडर पाळतात ती यासाठीच.

पत्त्यांत भविष्य कळण्याची शक्ती आहे, याला पुरावा नाही. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'खास तुझे' म्हणून एकच सरधोपट वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. दुखावलेल्या माणसाला तर कुठलेही वर्णन लगेच लागू पडते. म्हणूनच 'तो नक्की परततो, फक्त एक उपाय करावा लागेल' असे सांगून पैसे मागणारा आणि ही मैत्रीण यांतला फरक ओळखायला पत्त्यांचे ज्ञान लागत नाही. तारीख, खात्री आणि रक्कम, यांपैकी काहीही पत्रात आले की समजावे.

नमुन्यातल्या पत्रात रक्कम नाही, तारीख एकच आहे. 'शनिवारी संध्याकाळी ये,' असे तळाशी लिहिले आहे. 'डेक कपाटात ठेवते आहे, मागू नकोस. तो फोटो डिलीट कर असं म्हणणार नाही, पण बघशील तेव्हा पत्ता कुठल्या जागेवर आहे तेही बघ. आणि त्याला मेसेज करायचाच असेल तर तो तुझा म्हणून कर, पत्त्यांनी सांगितलं म्हणून नको.'