जेलवर एकच पट्टा दिसला, म्हणजे प्रथिन शुद्ध झालं?

ई. कोलायमध्ये बनवलेलं हिस-टॅगवालं प्रथिन निकेल कॉलमवरून काढलं आणि जेलवर एकच पट्टा दिसला, की आपण खूश होतो. पण त्या लेनमध्ये प्रथिन घातलं होतं किती?

समजा, १ मायक्रोग्रॅम. त्यात ५ टक्के भेसळ असेल, तर ती भरते ५० नॅनोग्रॅम. साध्या कूमासी रंगात एवढा पट्टा जेमतेम दिसतो. भेसळ दोन-तीन प्रथिनांत विभागलेली असेल, तर दिसतही नाही. म्हणून शेजारच्या लेनमध्ये १० मायक्रोग्रॅम घालून बघा. मुख्य पट्टा फुगेल, फुगू दे. आपल्याला बघायचंय ते त्याच्या वर-खाली.

२५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टा आला, तर संशय स्लायडीवर घ्या. हे ई. कोलायचं स्वतःचं प्रथिन. त्याच्या शेपटाकडे हिस्टिडिन भरपूर असल्यामुळे टॅग नसूनही ते निकेलला चिकटतं. वॉशमधलं इमिडॅझोल २० वरून ४० मिलिमोलर करून बघा, पण वॉशचा नमुनाही जेलवर चालवा. आपलंच प्रथिन तिथे निसटत असेल, तर थोडं मागे या.

आणि तुमचं प्रथिनच २५ किलोडाल्टनचं असेल, तर दोन्ही एकाच पट्ट्यात लपतील. तिथे जेलवर विसंबू नका, मास स्पेक्ट्रोमेट्री करा.